अंगोरा का गळतो?

अंगोरा सशाची लोकर अतिशय मऊ आणि ऊबदार. पण तिचा तंतू बारीक, आखूड आणि गुळगुळीत असल्याने पिळात टिकत नाही. काळ्या कोटावर पांढरे केस दिसतात ते त्यामुळेच. मोहेर अंगोरा शेळीचा. तंतू लांब, चमकदार असल्याने गळणं कमी, पण मोठ्या शेळीचा मानेला टोचतो; करडाचा घ्यावा. पेरूचा अल्पाका गळतो कमी आणि ऊबही भरपूर देतो, मात्र वजनाने खाली ओघळतो.

धुताना कोमट पाण्यात सौम्य साबण घालून स्वेटर दहा मिनिटं नुसता बुडवावा. चोळला तर अंगोरा घट्ट होऊन आटतो. मग टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि सावलीत आडवाच वाळवावा. टांगलेला अल्पाका हमखास लांबतो.