ऑडिटरच्या क्वेरीचा मेल आलाय? नुसतं 'सोबत जोडले आहे' लिहून का भागत नाही

जुलैचा पहिला आठवडा. हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींना ऑडिटरचा मेल येतो. आत तीन प्रश्न असतात आणि शेवटी एक ओळ, 'कृपया कागदपत्रांसह खुलासा करावा.' मग खजिनदार मोबाइलवर बिलांचे फोटो काढतात, आठ-दहा फोटो एका मेलला जोडतात आणि वर लिहितात, 'सोबत जोडले आहे.' दोन दिवसांनी ऑडिटर तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवतात.

यात वेळ जातो आणि वेळच कमी असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, ऑडिट पूर्ण व्हायला हवं. ज्या शंकेचं समाधान होत नाही, ती ऑडिट रिपोर्टमध्ये दोष म्हणून येऊ शकते. मग तोच रिपोर्ट वार्षिक सभेत सभासदांसमोर जातो आणि कलम ८२ प्रमाणे तीन महिन्यांत दोष-दुरुस्तीचा खुलासा करावा लागतो.

हे टाळायचं कसं? ४८ फ्लॅटच्या एका काल्पनिक सोसायटीचं २०२४-२५ चं उदाहरण घेऊ.

क्वेरी १ : दोन आकडे जुळत नाहीत

ऑडिटर विचारतात, ताळेबंदात सभासदांकडून येणं १,८६,००० रुपये आहे, पण तुम्ही दिलेल्या थकबाकीच्या यादीची बेरीज १,७८,५०० येते. ७,५०० चा फरक कशाचा?

'तपासून पाहिलं, बरोबर आहे' हे याचं उत्तर होत नाही. फरक नेमका कुठून आला ते शोधावं लागतं. इथे एका सभासदाने तीन महिन्यांचा मेंटेनन्स, महिन्याला २,५०० प्रमाणे, आगाऊ भरलेला आहे. यादी काढताना ही रक्कम वजा चिन्हाने त्याच बेरजेत गेली. ताळेबंदात मात्र ती देण्याच्या बाजूला 'सभासदांकडून आगाऊ जमा' म्हणून वेगळी दाखवली आहे. मग उत्तर असं लिहायचं:

'ताळेबंदातील १,८६,००० हा आकडा कायम आहे. यादीतील १,७८,५०० ही निव्वळ बेरीज आहे. येणे १,८६,००० वजा आगाऊ जमा ७,५०० = १,७८,५००. आगाऊ रक्कम ताळेबंदात देणे बाजूला स्वतंत्र दाखवली आहे. येणे आणि आगाऊ जमा वेगळ्या रकान्यांत दाखवणारी सुधारित यादी : कागद १-अ.'

कोणता आकडा कायम, फरक किती आणि का, हे सगळं चार-पाच ओळींत आलं. ऑडिटरला कॅल्क्युलेटर घेऊन ते स्वतः पडताळता येतं.

इथे एक चूक हमखास होते. उत्तर पाठवल्यावर खजिनदार Tally मध्ये आणखी एखादी नोंद टाकतात. ट्रायल बॅलन्स बदलतो आणि कालच्या मेलमधला आकडा आजच्या खात्याशी जुळेनासा होतो. म्हणून सगळी उत्तरं एकाच ट्रायल बॅलन्सवरून द्या आणि तो कोणत्या तारखेला काढला ते मेलच्या सुरुवातीला लिहा. नंतर नोंद करावीच लागली, तर पुढच्या मेलमध्ये कोणतं खातं किती रुपयांनी बदललं आणि आधीच्या कोणत्या उत्तरावर त्याचा परिणाम झाला, ते सांगा.

क्वेरी २ : बिल एक, बँकेतून गेले वेगळेच

लिफ्ट दुरुस्तीचं बिल ६४,९०० चं आहे, पण बँकेतून ६३,८०० गेले. मंजुरी आणि कोटेशनं कुठे आहेत?

मूळ काम ५५,००० चं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,९००, असं मिळून बिल ६४,९०० झालं. ठेकेदार कंपनी असल्यामुळे जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर २ टक्के टीडीएस, म्हणजे १,१०० रुपये कापले. उरले ६३,८००.

हिशेब बरोबर असला तरी ऑडिटरला प्रत्येक आकड्यामागचा कागद लागतो. 'scan001.pdf' नावाच्या बारा पानी फाइलमध्ये तो त्यांनी शोधायचा का? त्याऐवजी प्रत्येक कागदाला क्वेरीचा नंबर द्या आणि तोच फाइलच्या नावात ठेवा:

```
2-A_Lift_Bill.pdf
2-B_Bank_Statement_Dec.pdf
2-C_TDS_Challan.pdf
2-D_Committee_Minutes.pdf
```

उत्तरात आकड्याशेजारीच संदर्भ लिहा. 'बँकेतून ६३,८०० अदा, २० डिसेंबर २०२४ : कागद २-ब, पान ३, ओळीवर खूण केली आहे.' 'मंजुरी, ५ डिसेंबरची कमिटी सभा, ठराव क्र. ४ : कागद २-ड, पान २.' पान आणि ठराव क्रमांक दिला की पुन्हा विचारणा होत नाही.

राहता राहिली कोटेशनं. समजा कमिटीने तीन मागवायचं ठरवलं होतं, पण आली दोनच. इथे मोह होतो, ओळखीच्या दुकानातून मागची तारीख टाकून तिसरं आणण्याचा. तसं अजिबात करू नका. एक कोटेशन कमी असणं ही कार्यपद्धतीतली उणीव आहे, पण खोटा कागद उघडा पडला तर बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो. सरळ लिहा, 'दोनच कोटेशने मिळाली (२-इ, २-फ). तिसरे उपलब्ध नाही.'

क्वेरी ३ : उत्तर अजून हातात नाही

मुदत ठेवीवरच्या व्याजाचा दाखला बँकेकडून यायचा आहे. म्हणून बाकी दोन उत्तरं अडवून ठेवू नका. ती आज पाठवा आणि तिसऱ्यापुढे लिहा, 'बँकेकडे ३ जुलैला लेखी मागणी केली आहे (कागद ३-अ). दाखला १० जुलैपर्यंत अपेक्षित. पाठपुरावा : खजिनदार.'

सगळ्याचा माग ठेवणारी यादी

प्रत्येक मेलच्या शेवटी किंवा एका एक्सेल शीटमध्ये ही यादी असावी:

- क्वेरी १ : थकबाकीतील फरक. ४ जुलैला उत्तर दिले. आता ऑडिटरकडे.
- क्वेरी २ : लिफ्ट बिल. ४ जुलैला उत्तर दिले. आता ऑडिटरकडे.
- क्वेरी ३ : ठेवीचे व्याज. आमच्याकडे. १० जुलैपर्यंत.

यात 'पूर्ण' हा शब्द मुद्दाम नाही. आपण उत्तर दिलं म्हणजे मुद्दा संपला असं नसतं. ऑडिटरने मान्य केल्याचं मेलवर कळवलं, की मगच 'बंद' लिहायचं आणि तारीख टाकायची. बंद झालेली ओळ काढून टाकू नका आणि नंबर बदलू नका. मध्येच नवी शंका आली तर ती क्वेरी ४. क्वेरी २ मधूनच उपप्रश्न निघाला तर तो २.१.

सगळा व्यवहार एकाच मेलच्या 'रिप्लाय'मध्ये ठेवा. फोनवर काही ठरलं असेल, तर त्याच दिवशी दोन ओळी तिथे लिहून टाका. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं बिल ऑडिटरच्या फाइलमध्ये जाईलच असं नाही.

आता पाठवण्याआधीची शेवटची तपासणी. ज्याने हे हिशेब लिहिलेले नाहीत, अशा कमिटीतल्या एखाद्या सभासदाला मेल आणि फाइल द्या. त्याला फोन न करता ६३,८०० ची ओळ बँक स्टेटमेंटमध्ये सापडली, तर ऑडिटरलाही सापडेल. नाही सापडली, तर संदर्भ अजून अपुरा आहे.