मेलला उत्तर नाही आले तर? स्मरणपत्र कसे लिहावे



हल्ली माती तपासणी असो की ठिबकचे अनुदान, बरीचशी कामे ई-मेलवरून चालतात. मेल पाठवावा आणि उत्तरच येऊ नये, असेही होते. मग आपण एक तर गप्प बसतो, नाही तर रागाच्या भरात चार ओळी लिहून मोकळे होतो. दोन्हीने काम अडते. म्हणून स्मरणपत्राची रीत येथे देत आहोत.

समजा, धारणी तालुक्यातील एका सभासदाने सोमवार, दि. ५ जानेवारीला प्रयोगशाळेला मेल करून माती नमुन्याचा अहवाल मागितला. सुरू उसाची लागण ३० तारखेला धरली आहे. अहवाल हाती आल्याशिवाय लागणीच्या खताचा हिशेब बसत नाही. दहा दिवस झाले, उत्तर नाही.

पहिले काम आपल्या घरचे. मेळघाटात रेंजचा भरवसा नाही. मेल पाठवला असे आपल्याला वाटते, पण तो Outbox मध्येच पडून असतो. तो Sent मध्ये दिसतो काय ते पाहावे. पत्त्यातील एक अक्षर चुकले तर मेल परत येतो, आणि तो परतीचा निरोप आपण वाचलेला नसतो. आलेले उत्तर कधी कधी Spam मध्येही जाऊन बसते. एवढे पाहिल्याशिवाय समोरच्याला बोल लावू नये.

दुसरे, दिवस मोजताना कामाचेच दिवस मोजावे. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शासकीय कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे राज्याच्या २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्यात म्हटले आहे. तेच माप आपणही धरावे. ५ तारखेच्या मेलचे सात दिवस बुधवारी, १४ ला भरतात. गुरुवारी, १५ ला स्मरणपत्र पाठवायला हरकत नाही.

तिसरे, नवा मेल लिहू नये. Sent मधला जुना मेल उघडून Reply दाबावे, पत्ता प्रयोगशाळेचाच आहे ना ते पाहावे आणि विषय बदलू नये. म्हणजे पहिले पत्र खालीच राहते, साहेबांना शोधाशोध करावी लागत नाही. जुन्या सरकारी पत्रांत ‘संदर्भ’ म्हणून जी ओळ असे, तिचेच हे काम. मजकूर असा असावा :

“महोदय, सप्रेम नमस्कार. माती नमुना क्र. ११४ च्या अहवालाबाबत दि. ५ जानेवारी रोजी मेल पाठविला होता. तो आपणास मिळाला असेलच. नसल्यास खाली पुन्हा जोडला आहे. दि. ३० ला ऊस लागण असल्याने अहवाल दि. २२ पर्यंत मिळाल्यास खताचे नियोजन करता येईल. तयार होण्यास वेळ लागणार असल्यास अंदाजे तारीख कळवावी, ही विनंती. नमुन्याची पावती पुन्हा सोबत जोडली आहे.”

यात ‘आपण उत्तर दिले नाही’ असे कुठेच नाही. ‘तुम्ही दिले नाही’ म्हटले की बोट माणसाकडे जाते. ‘मेल पाठविला होता’ म्हटले की बोलणे कागदाविषयी राहते. ‘अजूनसुद्धा’, ‘वारंवार’, ‘जाणूनबुजून’ हे शब्द टाळावे. ‘त्वरित’पेक्षा तारीख आणि तिचे कारण द्यावे. कारण दिसले की घाई आपली न वाटता पिकाची वाटते. आणि ‘अंदाजे तारीख कळवावी’ या ओळीमुळे अहवाल तयार नसला तरी समोरच्याला एका ओळीत उत्तर देता येते. उत्तर द्यायला सोपे असले की ते लवकर येते.

उलट, नम्रतेचा अतिरेकही नको. ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ असे तीनदा लिहिले की नेमके काय पाहिजे तेच हरवते. पहिल्याच स्मरणपत्राची प्रत वरच्या साहेबांना टाकू नये. शब्द कितीही गोड असोत, ती तक्रारच समजली जाते.

२२ तारीखही कोरडी गेली तर फोन करावा : “साहेब नमस्कार, धारणीहून बोलतो. नमुना ११४ चा मेल आपल्याकडे पोचला काय?” पोचला काय, एवढेच आधी विचारावे. जे ठरेल ते त्याच मेलखाली दोन ओळींत लिहून पाठवावे, म्हणजे तारखेची नोंद राहते.

एक मर्यादा लक्षात असू द्या. स्मरणपत्र म्हणजे कायदेशीर अर्ज नव्हे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित असलेल्या सेवेसाठी रीतसर अर्ज करून पोच घ्यावी. मुदत त्या अर्जापासून मोजली जाते, मेलपासून नाही. मुदत टळली तर तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. त्या वेळी सोबत जोडायला हीच तारीखवार, शांत भाषेतली पत्रे कामी येतात.