छोटूचा घसा नऊ महिने का बसला होता?

आजच्या भागात कोडिंग नाही, नोकरी नाही, घरातली गोष्ट आहे. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. भाच्याबद्दल बोलायची परवानगी ताईकडून घेतली आहे. त्याचं नाव मात्र सांगत नाही, आपण त्याला छोटू म्हणू.

छोटू चार वर्षांचा. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीतली सगळी पोरं लाकडी नंदी घेऊन फिरली, दिवसभर आरडाओरडा झाला. नागपुरात राहता तर तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी छोटूचा आवाज बसला. आजीचं निदान तयार होतं, "दिवसभर बोंबलून राहिला, मग घसा बसन नाही तं काय!" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

खरं सांगायचं तर आजीचं निदान शंभरातल्या बहुतेक पोरांना लागू पडलं असतं. ते का, हे आधी समजून घेऊ.

आपल्या घशात, कंठाच्या उंचवट्यामागे, दोन स्वरपट्ट्या असतात. श्वास घेताना त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडतात, बोलताना जवळ येऊन एकमेकींवर आपटतात. लहान मुलाचा आवाज बारीक असतो, म्हणजे हे आपटणं सेकंदाला साधारण २५० वेळा होतं. मी इंजिनिअर, त्यामुळे लगेच हिशोब केला: दहा मिनिटं सलग ओरडलं तर दीड लाख धडका. त्याही नुसत्या बोलण्यापेक्षा बऱ्याच जोरात. रोज हे चाललं की पट्ट्यांच्या कंप पावणाऱ्या भागाच्या मधोमध, जिथे धडक सगळ्यात जोरात बसते, तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर छोटे घट्टे पडतात. कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला पडतात ना, तसेच. यांना नोड्यूल्स म्हणतात. घट्ट्यांमुळे पट्ट्या नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा येतो.

नोड्यूल्स धोकादायक नसतात. त्यांना शक्यतो कापत नाहीत. स्पीच थेरपिस्ट मुलाला जोर न लावता बोलायला शिकवतात. घरच्यांनी 'दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, जवळ येऊन बोलायचं' असा नियम स्वतःही पाळायचा असतो. (कुजबुजायला लावू नका बरं का. ताण देऊन केलेली कुजबूजही घशाला त्रासच देते.) बऱ्याच मुलांचे घट्टे वयात येईपर्यंत आपोआप जातात.

म्हणून आम्ही वाट पाहिली. दिवाळी गेली. एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्यांनी ॲसिडिटीचं औषध. जानेवारीत रात्री झोपेत छातीतून आवाज यायला लागला, तेव्हा दमा समजून पंप सुरू झाला. फरक काही नाही. या नऊ महिन्यांत त्याच्या स्वरपट्ट्या कोणीही पाहिल्या नव्हत्या. कोडमध्ये बग आहे, लॉग कोणी उघडत नाही, आणि तीन जण तीन पॅच टाकतायत, तसं चाललं होतं.

मे महिन्यात छोटूला कांजिण्या झाल्या. दहा-बारा दिवस घरात एकटा, गल्ली बंद, मित्र बंद. बिचारा गप्प पडून होता. कांजिण्या बऱ्या झाल्यावर त्याने मला फोन केला आणि "मामा" म्हणाला. म्हणजे तसं म्हणायचा प्रयत्न केला, फोनवर मला फक्त हवा ऐकू आली. तेव्हा डोक्यात काहीतरी खटकलं. ओरडण्याने बसलेला आवाज गप्प राहिल्यावर सुधारायला नको का?

त्या रविवारी ताईच्या घरी बसून तिच्या फोनमधले आणि फॅमिली ग्रुपमधले छोटूचे सगळे व्हिडिओ मी तारखेप्रमाणे लावले. पोळ्याच्या आधीपासून मेपर्यंत एकोणीस क्लिप मिळाल्या. हेडफोन लावून ओळीने ऐकल्या. एकेकट्या ऐकताना प्रत्येकीत फक्त 'घसा बसलाय' एवढंच कळतं. ओळीने ऐकल्यावर चित्र वेगळं दिसलं. पोळ्याच्या तीन आठवडे आधीच्या वाढदिवसाच्या क्लिपमध्येच आवाज किंचित खरखरीत होता. म्हणजे पोळ्याने सुरुवात केलीच नव्हती, आमचं लक्ष तेव्हा गेलं इतकंच. त्यानंतर एकाही क्लिपमध्ये चांगला दिवस नाही. सकाळच्या आणि संध्याकाळच्या क्लिपमध्ये फरक नाही, सुट्टीत उतार नाही, उतरण एकाच दिशेने. शेवटच्या क्लिपमध्ये तो पायऱ्या चढून येतो, आणि श्वास *आत* घेताना शिट्टीसारखा बारीक कर्कश आवाज येतो.

पुढे कान-नाक-घसा डॉक्टरांनी ही क्लिप तीनदा ऐकली. त्यांनी सांगितलं की दम्यात शिट्टी जास्त करून श्वास बाहेर सोडताना येते, छातीत खोलवरून. आत घेताना आवाज येत असेल तर वरची वाट, म्हणजे स्वरयंत्राजवळची, अरुंद झालेली असू शकते. नोड्यूल्सचा घोगरेपणा वर-खाली होतो: शाळेच्या दिवसांत वाढतो, आरामाने कमी होतो. श्वासाला मात्र ते अडवत नाहीत. त्यामुळे सतत खाली जाणारा आवाज आणि त्यात श्वासाचा आवाज असेल, तर वाट पाहायची नसते. अमेरिकेतल्या घशाच्या डॉक्टरांच्या संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते. आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरपट्ट्या पाहा, गंभीर शंका असेल तर तेवढंही थांबू नका, अँटिबायोटिक सरसकट देऊ नका, आणि पाहिल्याशिवाय ॲसिडिटीची औषधं देऊ नका.

आता स्कोप. ताई या शब्दालाच घाबरली होती. प्रत्यक्षात असं झालं: छोटूच्या नाकात औषधाचा फवारा मारला, त्याने नाक मोकळं आणि थोडं बधिर झालं. मग तो ताईच्या मांडीवर बसला, एकीने डोकं धरलं, आणि साधारण ३ मिलिमीटर जाडीची, टोकाला कॅमेरा असलेली मऊ नळी नाकातून मागे गेली. बेशुद्ध करायची गरज पडली नाही. रडला, हो. पण रडतानाही स्वरपट्ट्या दिसतात. दोन मिनिटांत काम झालं. ज्या मुलांना हे जमतच नाही, त्यांना भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये बघतात.

स्क्रीनवर मला दोन पांढऱ्या पट्ट्या आणि मधोमध दोन बारके उंचवटे दिसतील असं वाटलं होतं. दिसलं ते तुतीच्या फळासारखं: गुलाबी, दाणेदार घोस. डाव्या पट्टीवर जास्त, उजवीवर थोडे, आणि पुढे जिथे दोन्ही पट्ट्या मिळतात त्या कोपऱ्यातही. उघडी वाट निम्मीच उरली होती. चार वर्षांच्या मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. त्यातलं निम्मं बुजलं तर काय उरतं, ते तुम्हीच बघा.

याला पॅपिलोमा म्हणतात. एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे ही चामखिळीसारखी वाढ होते. हा कॅन्सर नाही, आणि याचं कॅन्सरमध्ये रूपांतर फार क्वचित होतं. पण वाढ पुन्हा पुन्हा येते, आणि लहान मुलात श्वास अडवू शकते.

विषाणू बहुतेक वेळा जन्माच्या वेळी आईकडून येतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ताईचा चेहरा पडला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश समजावलं. हा विषाणू जगात इतका पसरलेला आहे की बऱ्याच लोकांना तो कधीतरी होऊन जातो आणि कळतही नाही. ज्या आयांना बाळंतपणाच्या वेळी अंगावर या विषाणूच्या चामखिळी दिसत होत्या, त्यांच्या बाळांची मोजणी डेन्मार्कमध्ये झाली आहे. त्यातही हजारातल्या सुमारे सातच बाळांना हा आजार झाला. सिझेरियनने तो नक्की टळतो असंही नाही. "ताई, तुम्ही काही चुकीचं केलं नाही," ते म्हणाले. ताई पार्किंगमध्ये येईपर्यंत रडली नाही.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पूर्ण भूल देऊन, तोंडातून, सूक्ष्मदर्शकाखाली. मायक्रोडिब्रायडर नावाच्या फिरत्या पात्याच्या बारीक नळीने घोस खरवडून ओढून घेतले आणि एक तुकडा तपासणीला पाठवला. काही ठिकाणी हेच लेझरने करतात. अवघड भाग असा की सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकाच अरुंद वाटेवर काम करत असतात, म्हणून लहान मुलांच्या स्वरयंत्राची सवय असलेली टीम लागते. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहेत. शंका असेल तर विचारायला तिथे जाता येतं.

एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. पुढच्या कोपऱ्यातली वाढ डॉक्टरांनी मुद्दाम पूर्ण काढली नाही. तिथे दोन्ही बाजू एकाच वेळी सोलल्या तर जखम भरताना पट्ट्या एकमेकींना चिकटतात, पडदा तयार होतो आणि आवाज कायमचा बिघडतो. शिवाय सगळं खरवडलं तरी विषाणू शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेत राहतोच. म्हणजे 'मुळापासून' काढायला इथे मूळच नाही. वाट मोकळी ठेवायची, आवाज जपायचा आणि लक्ष ठेवायचं. काही मुलांत काही वर्षांनी वाढ थांबते, काहींना बरीच ऑपरेशनं लागतात. छोटूचं कसं होईल हे आज कोणीच सांगू शकत नाही. फारच आक्रमक आजारात बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध वापरतात, पण आमच्यावर ती वेळ आलेली नाही.

लसीचा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी नक्की विचारणार. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. लोक तिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस म्हणून ओळखतात, ते १६ आणि १८ मुळे. ६ आणि ११ पासून मिळणारं संरक्षण पुढच्या पिढीच्या घशापर्यंत पोचतं: ऑस्ट्रेलियात मुलींना अशी लस सरकारी कार्यक्रमातून देणं सुरू झाल्यावर काही वर्षांत मुलांमधला हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. छोटूला झालेला आजार मात्र या लसीने बरा होत नाही.

आत्तापर्यंत त्याची दोन ऑपरेशनं झाली, चार महिन्यांच्या अंतराने. शाळेत जातो, पोरांत खेळतो, त्याच्यापासून वर्गात कोणाला हे लागत नाही. दर रविवारी सकाळी ताई एकच वाक्य त्याच्याकडून म्हणवून घेते आणि फोनमध्ये तारीख टाकून ठेवते: "मामा, माझा नंदी मोठा आहे." त्या फोल्डरमध्ये आता तेवीस क्लिप आहेत. गेल्या तीन क्लिपमध्ये 'मोठा'मधला 'ठा' जरा फाटतोय, म्हणून येत्या गुरुवारी पुन्हा स्कोप आहे. या वेळी मांडीवर मी बसवणार आहे. ताईच्या मांडीवर कंटाळा येतो, असं त्याचं म्हणणं.