आयपी पत्त्यावरून स्थाननिश्चिती : तिची रीत व तिची मर्यादा

बोलींच्या पाहणीसाठी आंतरजालावरून प्रश्नावली पाठविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा वेळी निवेदकाला त्याचे गाव न विचारता ते त्याच्या आयपी पत्त्यावरून आपोआप नोंदवून घ्यावे, असा मोह अभ्यासकास होतो. परंतु सावंतवाडीच्या निवेदकाची नोंद या रीतीने पुष्कळदा मुंबईची म्हणून होते, आणि त्याने दिलेली रूपे मुंबईच्या बोलीत जमा होतात. असे का घडते, हे पाहणे आवश्यक आहे.

‘पत्ता’ हा शब्दच येथे दिशाभूल करणारा आहे. टपालाच्या पत्त्यात गाव व तालुका अंगभूतच असतात. आयपी पत्त्यात भूगोल मुळीच नसतो. हे अंक गटागटाने वाटले जातात. आशिया-प्रशांत विभागासाठी एपनिक ही संस्था ते वाटते, आणि सेवा पुरविणाऱ्या कंपन्या ते आपल्या सोयीनुसार वापरतात. वाटपाच्या नोंदवहीत कंपनीचे नाव व कार्यालय असते. ग्राहक कोठे बसला आहे, हे त्यात नसते. म्हणून स्थान सांगणारी कोष्टके ही नोंदवही, कंपन्यांनी स्वतः दिलेली माहिती आणि काही मोजमापे यांवरून केलेले अनुमान होत. कंपनीने दिलेली माहिती पुढीलप्रमाणे असते :

```
203.0.113.0/24,IN,IN-MH,Mumbai,
```

या एका ओळीत २५६ पत्ते मुंबईचे ठरले. त्यांपैकी काही उद्या दुसऱ्या जिल्ह्यात वापरले गेले, तरी ही ओळ कोणी बदलीपर्यंत ते मुंबईचेच राहतात.

भ्रमणध्वनीच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. सावंतवाडीतील ग्राहकाची विनंती प्रथम कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातून दूरच्या एखाद्या केंद्राकडे, समजा मुंबईस, जाते व तेथून बाहेर पडते. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता त्या केंद्राचा असतो, आणि एकाच वेळी अनेक ग्राहक त्याचा वापर करीत असतात. येथे कोष्टक खोटे बोलत नाही. ते दाराचे ठिकाण सांगते, आणि आपण ते घराचे समजतो.

मोजमापानेही हा दोष दूर होत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येण्यास लागलेल्या प्रत्येक सहस्रांश सेकंदामागे अंतर फार तर १०० किलोमीटर असू शकते. मुंबईहून पाठविलेला संकेत चार सहस्रांश सेकंदांत परत आला, तर तो पत्ता ४०० किलोमीटरांच्या आतला आहे. यावरून नागपूर खात्रीने वगळता येते. परंतु पुणे, कोल्हापूर व सावंतवाडी ही तिन्ही शिल्लकच राहतात. शिवाय वरील प्रकारात संकेत केंद्रापासूनच परततो, त्यामुळे मोजले जाते ते केंद्राचे अंतर.

जेथे अनुमानालाही आधार नसतो, तेथे कोष्टक काय करते, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून कळते. मॅक्समाइंड या कंपनीच्या कोष्टकात ज्या पत्त्यांविषयी ‘अमेरिका’ एवढेच ठाऊक होते, त्यांना देशाच्या मध्याजवळचा म्हणून ३८ उत्तर अक्षांश व ९७ पश्चिम रेखांश हा पूर्णांकी बिंदू दिला गेला. हा बिंदू कॅन्सस राज्यातील पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर पडत होता. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या घराचे ठरले, आणि फसवणुकीचा किंवा हरवलेल्या माणसांचा माग काढणारे लोक वर्षानुवर्षे तेथील रहिवाशांच्या दारी येत राहिले. २०१६ मध्ये हे उघडकीस आल्यावर कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलविला. ‘ठाऊक नाही’ हे उत्तर अक्षांश-रेखांशांत लिहिले गेले की ते नेमक्या ज्ञानासारखे दिसू लागते, हे या प्रकरणाचे मर्म होय.

तेव्हा विश्वास किती ठेवावा? आडमार्गाने, म्हणजे व्हीपीएन किंवा तत्सम मध्यस्थामार्फत, आलेले पत्ते वगळल्यास देशाविषयीची नोंद बहुधा बरोबर असते. राज्याविषयीची सावधपणे घ्यावी. शहराविषयीची केवळ सूचना समजावी; घराविषयीची तर मुळीच ग्राह्य धरू नये. काही कोष्टकांत स्थानाबरोबर `accuracy_radius` या नावाने किलोमीटरांत त्रिज्या दिलेली असते; ती न वाचता बिंदू वापरणे म्हणजे अर्धीच नोंद वाचणे होय. आपल्या सामग्रीत अनेक निवेदक एकाच बिंदूवर आढळले, तर तो बिंदू शहराचा किंवा देशाचा मध्य म्हणून भरलेला आहे, असा संशय घ्यावा.

बोलीच्या अभ्यासकाने तर आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. पत्ता अगदी अचूक निघाला, तरी तो निवेदक आज कोठे आहे एवढेच सांगेल; त्याचे बालपण कोठे गेले, हे सांगणार नाही. म्हणून गाव व तालुका निवेदकासच विचारावा, आणि आयपी पत्त्याचा उपयोग उघड विसंगती शोधण्यापुरताच करावा. दोहोंत विरोध दिसला, तर निवेदकाचे उत्तर खोडू नये. त्याला पुन्हा विचारावे.