लाल पडद्यामागचं लग्न

दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी वीज गेली. यूपीएसनं एकदा केविलवाणं ‘टीं’ केलं आणि तोही झोपला. त्याची बॅटरी संपल्याचं आम्हाला दिवाळीपासून माहीत होतं. स्क्रीनवर तेव्हा मंगलाष्टकं चालू होती.

वीज आल्यावर प्रीमियर प्रोमध्ये प्रोजेक्ट उघडेना. फाइल खराब झाल्याचा संदेश येत होता. फोल्डरात पाहिलं तर `Lagna.prproj` शून्य केबीची. सेव्ह होता होताच वीज गेली असणार. हाताखालचा मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला, “दादा, आठ दिवसांचं काम गेलं.”

गेलं नव्हतं. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लग्न नसतंच. कुठली क्लिप, कुठल्या सेकंदापासून कुठवर घ्यायची आणि ती कुठे ठेवली आहे, एवढीच टिपणं त्यात असतात. शेकडो जीबींचं फुटेज आपल्या जागी सुखरूप असतं आणि ही टिपणवही जेमतेम काही एमबींची असते. म्हणूनच सॉफ्टवेअरला तिच्या प्रती काढत राहणं परवडतं. या प्रती `Adobe Premiere Pro Auto-Save` नावाच्या फोल्डरात पडतात. सेटिंग बदललं नसेल तर तो फोल्डर प्रोजेक्ट फाइलच्या शेजारीच सापडतो.

आमच्या फोल्डरात प्रत्येक प्रतीच्या नावापुढे तारीख आणि वेळ होती. मुलानं झडप घालून सर्वांत वरची, ४.१० ची प्रत निवडली. मी त्याला आधी आकार बघायला लावला. बाकीच्या प्रती सव्वातीन एमबींच्या आणि ही एकच एक एमबीची. सात-आठ दिवसांचं काम पाच मिनिटांत एक तृतीयांश होत नसतं. ती अर्धवट लिहिली गेली होती. म्हणून ४.०५ ची घेतली. ती तिथेच उघडून कामाला लागायचं नाही, तर आधी मुख्य फोल्डरात कॉपी करून वेगळं नाव द्यायचं. तिथेच काम चालू केलं तर शाबूत राहिलेली प्रत आपल्याच हातानं बदलली जाते.

दर पाच मिनिटांनी एक आणि जास्तीत जास्त वीस प्रती, असं आमचं सेटिंग होतं. म्हणजे सलग कामात मागचे फक्त शंभर मिनिटं हाताशी राहतात, त्याआधीच्या प्रती पुसल्या जातात. सकाळी चुकून उडवलेला प्रसंग संध्याकाळी आठवला, तर इथे शोधून उपयोग नाही.

प्रोजेक्ट उघडला आणि सगळी टाइमलाइन लाल झाली. `Media Offline`. मुलगा पुन्हा हादरला. कारण साधं होतं. गडबडीत त्यानं बाहेरची हार्ड डिस्क उपसून दुसऱ्या पोर्टला लावली होती. आधी ती `E:` होती, आता `F:` झाली, आणि वहीत पत्ता `E:` चाच लिहिलेला. अशा वेळी चारशे क्लिपा एकेक जोडत बसण्यापेक्षा विंडोजच्या `Disk Management` मध्ये जाऊन डिस्कला जुनं अक्षर परत द्यावं. आम्ही प्रोजेक्ट बंद केला, अक्षर बदललं, पुन्हा उघडला. बहुतेक सगळं लग्न परत आलं.

तरी अडतीस क्लिपा लालच राहिल्या. फोल्डर आटोपशीर दिसावेत म्हणून मुलानंच आदल्या रात्री दोन फोल्डरांची नावं बदलली होती. इथे `Link Media` ची खिडकी लागते. हरवलेली क्लिप निवडून `Locate` दाबायचं आणि फाइल दाखवायची. `Relink others automatically` वर खूण असेल तर सोबतच्या क्लिपा आपोआप जुळतात. खरा धोका याच सोयीत आहे. अनेक कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केलं की क्रमांक पुन्हा `C0001.MP4` पासून सुरू होतात. आमच्याकडे हळदीच्या कार्डात `C0001` होती आणि लग्नाच्या कार्डातही. मुलानं नुसतं नाव जुळवलं. लाल रंग गेला, तो खूश झाला, आणि मी प्ले दाबलं तर अंतरपाटाच्या जागी वधूच्या मावशीचा हळदीनं माखलेला गाल.

चूक जुळली की कसलीही सूचना येत नाही, सगळं ठीकठाक दिसतं. म्हणून खिडकीत `Last Path` पुढे लिहिलेला जुना पत्ता आधी वाचावा. कुठल्या कार्डातली क्लिप होती ते त्यातून कळतं. जुळवताना नावासोबत `Media Start` वरही खूण करावी, म्हणजे क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोडही तपासला जातो. दोन्ही कार्डांचा टाइमकोड शून्यापासूनच सुरू होत असेल, तर मात्र ही खूण काही कामाची नाही. मग एक कार्ड संपवून मगच दुसरं घ्यायचं आणि प्रत्येक क्लिपची लांबी डोळ्यांनी पडताळायची. आम्ही तेच केलं. अडतीस क्लिपांना पाऊण तास लागला.

४.०५ ते ४.१२ मधलं काम मात्र कुठेच नव्हतं. त्या सात मिनिटांत मी सप्तपदीचे तीन कट बसवले होते. ते मी पुन्हा केले, आणि मुलगा नवी बॅटरी आणायला बाजारात गेला.