‘सर्वांना पाठवा’ : एका ओळीचं बळ

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला आणि त्याच दिवशी भारतातल्या फोनांवर एक मजकूर फिरू लागला. पुढचा धक्का रात्री ८ वाजून ६ मिनिटांनी बसेल, त्याची तीव्रता १३.२ असेल, असं ‘नासा’नं कळवलं आहे, असा त्याचा आशय होता. शेवटी विनंती होती, की हे आपल्या सगळ्या माणसांना पाठवा. केंद्रीय गृहमंत्रालयाला अफवांवर विश्वास ठेवू नका, असं आवाहन करावं लागलं.

असा मजकूर धाराशिव जिल्ह्यात वाचला जातो, तेव्हा त्यामागे एक पहाट उभी असते. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरचा परिसर हादरला. तीव्रता ६.२ च्या आसपास होती. दगड-मातीच्या जाड भिंतींच्या घरांत माणसं झोपेतच गाडली गेली आणि हजारो जीव गेले. ज्या घरानं त्या पहाटे माणसं गमावली, तिथं भूकंपाचा मजकूर कुणी सहजासहजी पुसून टाकणार नाही.

आता त्या मजकुरातला आकडा तपासू. आजवर नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप चिलीतला, १९६० सालचा, ९.५ तीव्रतेचा. या मोजमापात एक अंक वाढला, की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे १३.२ तीव्रतेचा भूकंप चिलीतल्या भूकंपाच्या साडेतीन लाख पट ऊर्जेचा ठरेल. त्यासाठी पृथ्वीवर तेवढी लांब भेग हवी, आणि तशी भेग पृथ्वीवर नाही. दुसरी खूण म्हणजे ती नेमकी वेळ. भूकंपाचा दिवस नि मिनिट आधी सांगण्याची रीत जगात कुणालाच सापडलेली नाही. आपलं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रही धक्का बसल्यावर त्याची नोंद कळवतं, आधी तारीख देत नाही. म्हणजे हा मजकूर खोटा ठरवायला दोन प्रश्न पुरेसे होते.

तरी तो फिरला, कारण तो फिरवणारी ओळ तळाशी होती. मजकूर खरा की खोटा, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आपल्याकडे ही ओळ फोनच्या कितीतरी आधीची आहे. देवाच्या नावानं आलेलं पोस्टकार्ड ठरावीक संख्येनं उतरवून काढा, लाभ होईल, साखळी तोडली तर अनिष्ट घडेल, असा धाक अनेक घरांनी अनुभवला आहे. तेव्हा हात दुखायचे आणि टपालाचे पैसे जायचे. आता बोट दाबून धरलं, की कॉपी, आणि पुन्हा दाबलं, की पेस्ट.

या ओळीचा परिणाम मोजलाही गेला आहे. २००९ मध्ये अमेरिकेत आरोग्यसेवेबद्दलचं एक वाक्य फेसबुकवर लाखो लोकांनी जसंच्या तसं चिकटवलं. संशोधकांनी त्याच्या प्रती तपासल्या, तेव्हा शंभरांतल्या सुमारे ११ प्रतींत कुणीतरी काहीतरी बदललेलं होतं. अशा बदलत्या मजकुरांत ‘पटत असेल तर पुढे चिकटवा’ अशी विनंती असलेली रूपं जवळपास दुप्पट पसरत होती. म्हणजे हजारो हातांतून जाताना मजकूर आपोआप घासला जातो आणि अधिक पसरणारं रूप मागे उरतं. त्यासाठी कुणी लबाड लेखक लागत नाही.

माणूस पुढे का पाठवतो, याचं उत्तर हिशेबात आहे. पाठवलं आणि खोटं निघालं, तर आपलं काय गेलं? नाही पाठवलं आणि खरं निघालं, तर माहेरच्या माणसांना सावध केलं नाही, ही बोचणी जन्मभराची. दुसऱ्या बाजूचं नुकसान मात्र दूर कुठंतरी होतं, म्हणून ते या हिशेबात येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात ते आलं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फोनांवरून पसरल्या होत्या, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ ही खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण कॉपी करून चिकटवलेला मजकूर नवा संदेश समजला जातो. त्याच्यावर खूण राहत नाही, तो पाठवणाऱ्याचाच शब्द वाटतो. भावकीच्या ग्रुपवर काकांनी चिकटवलेला इशारा काकांच्या विश्वासावर चालतो.

म्हणून तपासणी तळापासून करावी. सर्वांना पाठवायला सांगणारी ओळ झाकावी आणि उरलेल्या मजकुरात कुणी, कधी, कुठल्या जागी सांगितलं ते शोधावं. तिथं नाव नि दिनांक असेल, तर त्या कार्यालयाच्या मूळ पत्रकापर्यंत जावं. काहीच सापडलं नाही, तर त्याच ग्रुपवर, स्वतःच्या शब्दांत, हे खोटं का आहे ते लिहावं. खुलाशाला पाय फुटत नाहीत, तो प्रत्येक ग्रुपवर कुणाला तरी स्वतः न्यावा लागतो.