वेटिंग नऊ, गाडी रात्री अकराला

शुक्रवारी रात्री 23:05 ला मुंबई सीएसएमटीहून सुटणारी कोकणकन्या एक्सप्रेस. नवरा, बायको आणि आई अशा तिघांचं कुडाळपर्यंतचं स्लीपरचं ई-तिकीट. गुरुवारी सकाळी मोबाइलवर स्थिती दिसते: PQWL 31/WL 9. आता थांबायचं की दुसरी सोय बघायची?

यातला 31 हा आकडा तिकीट काढतानाचा आणि 9 आजचा. पुढच्या अक्षरांकडे मात्र फार कमी जण बघतात. GNWL म्हणजे सर्वसाधारण कोट्याची यादी. तिच्यात जागा भरपूर, त्यामुळे रद्द होणारी तिकिटंही भरपूर. PQWL हा मधल्या लहान स्टेशनांमध्ये वाटलेला सामायिक कोटा. जागाच मोजक्या, त्यामुळे यादी मुंगीच्या पावलानं सरकते. म्हणून GNWL मधला नऊ आणि PQWL मधला नऊ यांत बरंच अंतर असतं. शिवाय ‘नऊ’ हा पहिल्या माणसाचा नंबर. तिघांच्या तिकिटाला अकरापर्यंत जागा सुटाव्या लागतात. ऐन गणपतीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत PQWL नऊवर विसंबून मी तरी गावी फोन करून ‘येतोय’ असं सांगणार नाही.

गाडीचा पहिला चार्ट पूर्वी चार तास आधी लागायचा. आता तो बराच अलीकडे ओढला आहे. रात्रीच्या गाडीचा निदान दहा तास आधी, म्हणजे आपल्या कोकणकन्येचा दुपारी एकच्या आसपास. सोय प्रवाशांचीच झाली, पण त्यामुळे निर्णय घ्यायची वेळही अलीकडे आली. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना बघू, असं म्हणणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

गुरुवारी तत्काळचा पर्याय असतो: एसीला सकाळी दहा, स्लीपरला अकरा, तेही आधार जोडलेल्या खात्यावरूनच. समजा, तो हुकला. पण कोकणात जाणाऱ्याला आणखी एक खिडकी उघडी असते आणि ती अनेकांच्या लक्षातच येत नाही. दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी, 00:05 ला निघते. आपल्या लेखी ती शुक्रवारचीच रात्र, रेल्वेच्या लेखी शनिवार. म्हणजे तिचं तत्काळ शुक्रवारी सकाळी उघडतं, कोकणकन्येचा चार्ट लागण्याच्या दोन तास आधी! (तारखेचा हाच घोळ उलटाही होतो. तुतारीचं शुक्रवारचं तिकीट काढून शुक्रवारी रात्री दादरला पोचलेल्या माणसाची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.)

शुक्रवारी अकराला तुतारीचं तत्काळ मिळालं, तर पुढच्या पाच मिनिटांत एक काम उरकायचं: कोकणकन्येचं वेटिंग स्वतः रद्द करायचं. वेटिंगमध्ये असेपर्यंत रद्द केलं तर स्लीपरला माणशी 60 रुपये कापले जातात, तिघांचे 180. एसी असेल तर त्यावर जीएसटी. बाकीचं भाडं परत येतं, बुकिंग करताना लागलेलं सुविधा शुल्क तेवढं येत नाही. ‘राहू दे, कन्फर्म झालं तर बघू’ असं म्हणत दोन्ही तिकिटं धरून ठेवली आणि एक वाजता कोकणकन्या खरंच कन्फर्म झाली, तर वेटिंगचे मवाळ नियम तिथेच संपतात. मग लागू होतात कन्फर्म तिकिटाचे नियम, आणि शेवटच्या तासांत त्यात अर्धी किंवा सगळीच रक्कम जाते. दुसरीकडे कन्फर्म तत्काळ रद्द केल्यास एक पैसाही मिळत नाही. थोडक्यात, एक तिकीट फुकट जाणारच.

‘विकल्प’ योजनेतही हाच काटा आहे. चार्टनंतरही वेटिंगमध्येच राहिलो, तर आपण निवडून ठेवलेल्या दुसऱ्या गाडीत रेल्वे जागा देऊ शकते. जादा भाडं नाही. पण ती गाडी मूळ वेळेनंतर तीन दिवसांपर्यंतची असू शकते, जवळच्या दुसऱ्याच स्टेशनावरूनही सुटू शकते. जागा मिळाली की ते कन्फर्म तिकीट ठरतं, आणि नको असेल तर कपातही तशीच. म्हणून ज्या गाड्यांनी खरोखर जाऊ, त्याच टिकमार्क करा.

आता समजा, यातलं काहीच जमलं नाही आणि एक वाजता चार्ट लागला. पुढे तीन वाटा फुटतात.

तिघंही वेटिंगमध्येच राहिले, तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं. अर्ज नको, काही नको, परतावा खात्यात येतो. मात्र त्या तिकिटावर गाडीत चढायचं नाही. ते तिकीट संपलेलं असतं, आणि टीसीच्या दृष्टीनं आपण विनातिकीट ठरतो: भाडं अधिक किमान 250 रुपये दंड.

आरएसी झालं, तर बसायला जागा नक्की, रात्री बर्थ मिळालाच तर नशीब. आईचे गुडघे दुखत असतील तर नको वाटेल. पण आरएसी आपोआप रद्द होत नाही, हे ध्यानात ठेवा. जायचं नसेल तर गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे इथे 22:35 च्या आत, ऑनलाइन टीडीआर भरावा लागतो.

तिसरी वाट जरा चमत्कारिक. दोघं कन्फर्म, एक वेटिंग. एकाच पीएनआरवर असल्यामुळे तिसऱ्याचं नाव चार्टमध्ये राहतं, दोन बर्थवर तिघांनी भागवता येतं. तसं जायचं नसेल, तर नियम इथे उदार आहे: तिघांचंही तिकीट मिळून 22:35 च्या आत सोडून दिलं, तर कन्फर्म झालेल्या दोघांनाही वेटिंगसारखीच माणशी 60 ची कपात. अट एवढीच की सगळ्यांचं सोडायचं. फक्त दोघं गेले आणि एक राहिला, तर गाडीतल्या टीसीकडून तसा दाखला घेऊन मग त्या एकासाठी टीडीआर.

चार्टनंतर आयआरसीटीसीवर Charts / Vacancy मध्ये गाडी टाकून बघायला विसरू नका. कुठल्या डब्यात कोणता बर्थ रिकामा ते दिसतं, आणि करंट बुकिंगमध्ये तो घेता येतो. स्लीपर भरलेला असताना थ्री एसीत दोन बर्थ पडून आहेत, असंही निघतं. तिथेही नसेल, तर रात्रीची बस किंवा सकाळी दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी. जनरल डब्यात उभं राहायची तयारी लागेल, आईला घेऊन मी तरी तो विचार करणार नाही.

खिडकीवर काढलेल्या कागदी तिकिटाचा कायदा वेगळा. ते वेटिंगमध्ये राहिलं तरी आपोआप रद्द होत नाही, त्यावर जनरल डब्यातून जाता येतं. स्लीपर किंवा एसीत मात्र बसता येत नाही. पैसे हवे असतील तर सुटण्याच्या अर्धा तास आधी ते रद्द करायलाच हवं. खिडकी लांब असेल तर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा 139 वर रद्द करून पैसे नंतर खिडकीवरून घेता येतात, पण तिकीट काढताना दिलेला मोबाइल नंबर हाताशी लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. गावच्या स्टेशनावर कुणा भाच्यानं स्वतःचा नंबर देऊन तिकीट काढलं असेल, तर 22:35 च्या आधी त्याला फोन लावा.